सर्दी झालीय आणि विमान पकडायचंय: उतरतानाची पंचवीस मिनिटं

सर्दीत विमानप्रवास केला की कानाचा खरा त्रास उतरताना होतो. टेकऑफच्या वेळी आपण सगळे जागे असतो, कोणी गोळी चघळतो, कोणी मुद्दाम जांभया देतो. दोन तासांनी विमान खाली यायला लागतं तेव्हा गोळी संपलेली असते, सर्दीच्या औषधाने डोळा लागलेला असतो, आणि जाग येते ती कानात सुरी खुपसल्यासारखी कळ येऊन. त्या वेळी नाक दाबून जोर लावून फारसं काही होत नाही. असं का होतं हे नीट कळलं तर काय करायचं आणि कधी करायचं हे आपोआप कळतं, म्हणून आधी कानाच्या आत काय चाललेलं असतं ते पाहू.

कानाच्या पडद्यामागे हवेने भरलेली एक छोटी खोली आहे. तिला मधला कान म्हणतात. ही खोली बंद असते. बाहेरच्या हवेशी तिचा संबंध फक्त एका नळीतून येतो, जी नाकाच्या अगदी मागे, घशाच्या वरच्या भागात उघडते. डॉक्टर तिला युस्टेशियन ट्यूब म्हणतात. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटीमीटर लांब असते. तिचा कानाकडचा भाग हाडाचा आहे, पण घशाकडचा भाग मऊ आहे आणि एरवी तो मिटलेला असतो. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा टाळूचा एक स्नायू तो क्षणभर ओढून उघडतो आणि दोन्हीकडची हवा सारखी होते. कानात जो बारीकसा ‘टक’ आवाज येतो तो याचाच.

विमान वर जातं तेव्हा केबिनमधल्या हवेचा दाब कमी होतो. बाहेर पस्तीस हजार फुटांवरचं वातावरण असलं तरी आत तेवढी विरळ हवा ठेवत नाहीत. नियमाप्रमाणे केबिनमधला दाब आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असतो त्यापेक्षा कमी होऊ द्यायचा नसतो. ड्रीमलायनर किंवा एअरबस ए-३५० सारख्या नव्या मोठ्या विमानांत तो सहा हजार फुटांच्या आसपासचा असतो. तर वर जाताना बाहेरचा दाब कमी होतो, मधल्या कानातली हवा फुगते, आणि तिचा जोर जरा वाढला की ती त्या मिटलेल्या नळीतून स्वतःच बाहेर पडते. दर पाचशे फुटांना एखादा ‘टक’, आणि काम झालं. सर्दी असली तरी हे बऱ्यापैकी जमतं, कारण हवा आतून ढकलत बाहेर येत असते.

उतरताना सगळं उलटं होतं. आता केबिनमधला दाब वाढत जातो आणि मधल्या कानात मात्र वरची विरळ हवा अडकलेली असते. बाहेरून हवा आत जायला हवी, पण नळीचं मऊ तोंड वाढत्या दाबाने आणखी मिटतं. वरच्या उंचीवर झाकण घट्ट लावलेली पाण्याची रिकामी बाटली उतरल्यावर चेपलेली सापडते, तसाच पडदा आत ओढला जातो. नळी आता आपोआप उघडत नाही, दर वेळी स्नायूने ओढून उघडावी लागते. सर्दीत तिचं अस्तर सुजलेलं असतं आणि तोंडाशी शेंबूड असतो, त्यामुळे ते ओढणंही कमी पडतं.

दिल्ली ते मुंबई, मिनिटांच्या हिशेबात

दिल्लीहून मुंबईला येणारं विमान घेऊ आणि केबिनचा दाब आठ हजार फुटांचा धरू. दाब मोजायला आपल्या ओळखीचं एकक वापरू, रक्तदाब ज्यात मोजतात ते, म्हणजे पाऱ्याचे मिलिमीटर. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० असतो, आठ हजार फुटांवर साधारण ५६५. म्हणजे मुंबईला टेकेपर्यंत कानाला १९५ मिलिमीटरचा फरक भरून काढायचा आहे.

केबिनचा दाब बेताबेताने वाढवतात. मिनिटाला तीनशे ते साडेतीनशे फूट उतरल्यासारखा. या वेगाने आठ हजार फूट उतरायला तेवीस ते सत्तावीस मिनिटं लागतात. आता यातली महत्त्वाची गोष्ट अशी की आत आणि बाहेर यांच्यातला फरक ऐंशी ते नव्वद मिलिमीटरच्या पुढे गेला, तर टाळूच्या स्नायूत नळी उघडायची ताकदच उरत नाही. नळी कुलूप लागल्यासारखी बंद होते. मग कितीही गिळा, कितीही जांभया द्या, ती उघडत नाही. केबिन आठ हजारांवरून चार हजार फुटांवर आली की हा नव्वदचा आकडा गाठला जातो. म्हणजे एकदाही कान मोकळा झाला नसेल, तर उतरणं सुरू झाल्यापासून अकरा ते तेरा मिनिटांत दार बंद. मुंबई अजून निम्म्या वाटेवर असते आणि दाब पुढची बारा मिनिटं वाढतच राहतो.

नव्वद मिलिमीटर म्हणजे पडद्यावर साठ-सत्तर ग्रॅमचा भार. आकडा लहान वाटेल, पण पडद्याची जाडी मिलिमीटरचा दहावा भाग आहे आणि व्यास जेमतेम आठ-नऊ मिलिमीटर.

आता अडचण अशी की उतरणं कधी सुरू झालं हे प्रवाशाला कोणी सांगत नाही. ‘खुर्ची सरळ करा, ट्रे बंद करा’ ही सूचना येते तोवर बराच वेळ गेलेला असतो. खुणा आपल्याच ओळखाव्या लागतात. इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, विमानाचं नाक किंचित खाली झुकतं, आणि वैमानिकाने मुंबईचं तापमान आणि पोचायची वेळ सांगितली असेल तर उतरणं जवळ आलेलं असतं. सरळ घड्याळ लावायचं असेल तर लँडिंगच्या पाऊण तास आधीचा गजर लावा. झोपेत आपण फार कमी गिळतो, म्हणून त्या अर्ध्या तासात जागं राहणं ही सर्दीवाल्यासाठी पहिली अट आहे.

जागे झालात की कान दुखायची वाट न बघता सुरुवात करा. दर मिनिटाला दोन-तीनदा गिळा. नुसती लाळ पुरत नाही, म्हणून पाण्याचे छोटे घोट घ्या, किंवा आवळासुपारी, खडीसाखर, च्युइंगगम असं काही तोंडात ठेवा. एवढ्याने ‘टक’ येत नसेल तर नाकपुड्या दाबून धरून पाण्याचा घोट गिळा. तरीही नाही आलं तर नाक दाबून, तोंड मिटून, गाल फुगवल्यासारखी हवा हळूच कानाकडे ढकला. हळूच, म्हणजे आरसा धुरकट करायला फुंकतो त्यापेक्षा थोडी जास्त, आणि पाच सेकंदांच्या वर नाही. जोर लावून केलं तर दोन नुकसानं होतात. नाकामागचा दूषित शेंबूड थेट मधल्या कानात जातो, आणि क्वचित आतल्या कानाच्या नाजूक खिडकीला इजा होऊन चक्कर आणि कायमचा बहिरेपणा येऊ शकतो. कान जरा जड झाला की लगेच करायची ही गोष्ट आहे. कळ सुरू झाल्यावर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

पावसाळ्यात मुंबईवर विमानं कधीकधी घिरट्या घालत राहतात. सगळे वैतागतात, पण सर्दीवाल्याला ती दहा मिनिटं फार मोलाची असतात. तेवढा वेळ दाब वाढत नाही आणि कानाला मागचा हिशेब पुरा करायची संधी मिळते.

कुठे उतरता यावरही त्रास अवलंबून असतो. मुंबई आणि गोवा जवळजवळ समुद्रसपाटीला आहेत, म्हणजे पूर्ण उतरण. बंगळूरचा विमानतळ तीन हजार फुटांवर आहे, पुण्याचा दोन हजारांच्या आसपास, तेवढी कानाची सुटका. लेहचा विमानतळ दहा हजार फुटांच्याही वर आहे, केबिनच्या आठ हजारांपेक्षा उंच. तिथे उतरताना केबिनचा दाब वाढत नाही, उलट कमी करावा लागतो. त्यामुळे सर्दी घेऊन लेहला गेलेल्या माणसाला जाताना काही जाणवत नाही आणि परत दिल्लीला येताना कान धरून बसावं लागतं.

थेंब कधी, गोळी कोणती

नाकात घालायच्या थेंबांत किंवा स्प्रेत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असेल तर नाकाची सूज पाच-दहा मिनिटांत उतरते. पण लोक ते घरून निघताना घालतात आणि मग विसरतात. आपल्याला नळीचं तोंड उतरताना मोकळं हवंय, आणि ते नाकाच्या पार मागे आहे. म्हणून लँडिंगच्या सुमारे एक तास आधी, म्हणजे उतरणं सुरू व्हायच्या अर्धा तास आधी, दोन्ही नाकपुड्यांत एकेक फवारा मारा. डोकं मागे टाकू नका, स्प्रेचं टोक टाळूच्या दिशेने सरळ मागे असू द्या, वर डोळ्याकडे नको. पहिल्या फवाऱ्याने पुढचा भाग मोकळा होतो. दहा मिनिटांनी दुसरा मारला की तो मागपर्यंत पोचतो. बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या पुढे जायचं नाही. हे औषध सलग तीन ते पाच दिवसांच्या वर वापरलं तर नाक औषधावाचून उघडेनासं होतं, त्यामुळे ते प्रवासापुरतंच ठेवा. लहान मुलांसाठीचं प्रमाण वेगळं असतं, ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावं.

थेंबांनी नाक मोकळं होतं, कान मोकळा होईलच अशी खात्री नसते. ज्यांचे कान प्रवासात नेहमी दुखतात अशा मोठ्या माणसांवर अमेरिकेत १९९० च्या दशकात चाचण्या झाल्या. त्यांत स्युडोएफेड्रिनच्या १२० मिलिग्रॅमच्या गोळीने, प्रवासाच्या अर्धा तास आधी घेतल्यावर, कान दुखणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. त्यांपैकी एका चाचणीत नाकातला स्प्रेही तपासला होता. त्याचा फायदा खोट्या औषधापेक्षा फारसा जास्त निघाला नाही. मुलांमध्ये ही गोळीही उपयोगी ठरली नाही. आणि स्युडोएफेड्रिनने रक्तदाब आणि नाडी वाढते. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा गरोदरपण असेल तर हा विषय डॉक्टरांशी बोलूनच पुढे न्या. परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक बघावं. जपानसारख्या देशांत स्युडोएफेड्रिन जास्त असलेली औषधं नेता येत नाहीत, आणि आखातात कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधावर कडक बंधनं आहेत.

आपल्याकडे मेडिकलमध्ये ‘सर्दीची गोळी द्या’ म्हटलं की जी पट्टी हातात येते तिच्या मागे बहुधा पॅरासिटामॉल, फिनायलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन ही तीन नावं असतात. फिनायलेफ्रिन नाक मोकळं करण्यासाठी असतं, पण तोंडाने घेतल्यावर त्याचा उपयोग होत नाही असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने २०२३ मध्ये एकमताने सांगितलं. क्लोरफेनिरामिनने झोप येते. पॅरासिटामॉलने ताप झाकला जातो. म्हणजे ही गोळी घेऊन विमानात बसलेला माणूस बरा वाटतोय असं समजतो, उतरायच्या वेळी झोपतो, आणि नळी होती तेवढीच बंद असते. पट्टी उलटी करून नावं वाचायची सवय असावी ती यासाठी.

बाजारात कानात घालायचे खास बोळे मिळतात. त्यांच्यातून हवा हळूहळू झिरपते, त्यामुळे दाब जरा सावकाश वाढतो इतकंच. नळी उघडायचं काम ते करू शकत नाहीत. कानावर गरम पाण्यात बुडवलेल्या रुमालाचा पेला धरायची युक्तीही ऐकली असेल. शेकाने बरं वाटत असेल, दाबावर परिणाम शून्य, आणि हलत्या विमानात उकळतं पाणी कानाजवळ धरणं धोक्याचं आहे, विशेषतः लहान मुलाच्या.

बाळांचं सोपं आहे आणि अवघडही. त्यांची नळी आखूड, अरुंद आणि आडवी असते, आणि त्यांना सांगून गिळवता येत नाही. उतरणं सुरू झालं की बाळाला उठवून अंगावर घ्या किंवा बाटली द्या, आणि शक्यतो डोकं जरा वर ठेवा. झोपलंय बिचारं म्हणून तसंच ठेवलं तर ते कळ येऊनच उठेल. रडलं तरी घाबरू नका, रडताना ते गिळतंच.

दडे बसलेच तर

उतरल्यावर कान बंद राहिला, आवाज विहिरीतून आल्यासारखा वाटला, तर आत काय झालंय ते समजून घ्या. एरवी कान तपासायच्या दुर्बिणीतून पडदा राखाडी मोत्यासारखा दिसतो आणि त्यावर उजेडाचा एक त्रिकोण चमकतो. अडकलेल्या कानात तो त्रिकोण हरवतो. पडदा आत खेचलेला असतो, त्याला चिकटलेलं बारीक हाड उठून दिसतं, त्याच्या कडेने लाल रेघा असतात. आतली पोकळी भरून काढायला शरीर अस्तरातून पाणी सोडतं, त्यामुळे काही तासांत पडद्याआड पिवळसर पाणी आणि कधी त्यात बुडबुडे दिसतात. हे पाणी बाहेरून आलेलं नसतं, त्यामुळे कान झटकून किंवा काडी घालून ते निघणार नाही.

बहुतेकांचा कान काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत सुटतो, पाणी साचलं असेल तर दोन-तीन आठवडेही लागतात. तोवर नाकाचे थेंब, बेताची वाफ, वारंवार गिळणं आणि दुखत असेल तर पॅरासिटामॉल. एक गोष्ट मात्र कळकळीने सांगायची आहे: कानात तेल घालू नका. लसूण घालून कढवलेलं कोमट तेल हा आपल्याकडचा जुना उपाय आहे. पण दुखणं पडद्याच्या पलीकडे असतं, तेल अलीकडे राहतं. आणि पडदा फाटला असेल तर तेच तेल आत जाऊन संसर्ग करतं.

पडदा फाटल्याची खूण ओळखता येते. कळ वाढत वाढत जाते आणि एकदम थांबते, त्याबरोबर कानातून रक्त किंवा पाणी येतं. घाबरायचं कारण नाही, छोटं छिद्र बहुधा काही आठवड्यांत आपलं आपण भरतं. पण कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा, आणि तोवर आंघोळीच्या वेळी कानात पाणी जाऊ देऊ नका.

ऐकू कमी येत असेल तर घरी एक साधी परीक्षा करता येते. तोंड मिटून ‘म्‌ऽऽ’ असा आवाज काढा. दडे बसलेल्या कानात तो मोठा ऐकू आला तर अडचण बहुधा मधल्या कानातच आहे. चांगल्या कानात मोठा आला, किंवा भोवताल फिरतंय असं वाटत असेल, तर आतल्या कानाला इजा झाली असण्याची शक्यता आहे. मग त्याच दिवशी तज्ज्ञाकडे जा. या दुखण्यात औषध लवकर सुरू होण्याला फार महत्त्व असतं. बाकी कोणाचा कान दोन-तीन दिवसांत सुटला नाही किंवा ताप येऊन ठणकायला लागला, तर त्यांनीही दाखवावं. परतीचं तिकीट असेल तर कान मोकळा झाल्याशिवाय बसू नका.

दाब आणि कान यांचं नातं किती थेट आहे हे सप्टेंबर २०१८ मध्ये मुंबईहून जयपूरला निघालेल्या एका विमानात दिसलं. केबिनचा दाब राखणारं बटण चालू करायचं राहून गेलं. वर चढता चढता दाब वेगाने घसरला, ऑक्सिजनचे मास्क खाली आले आणि विमान मुंबईला परतलं. तीसेक प्रवाशांच्या नाका-कानांतून रक्त आलं. सर्दी नसलेल्या माणसांचीही अशी गत झाली ती दाब फार झपाट्याने बदलल्यामुळे.

जायचं की नाही, हे घरीच ठरवा

निघायच्या आदल्या रात्री आणि सकाळी एक परीक्षा घ्या. नाक दाबून पाणी गिळा किंवा हळूच फुंका. दोन्ही कानांत ‘टक’ आलं तर विमानात निभेल. एका कानात आलं नाही तर थेंब घाला, पंधरा-वीस मिनिटं थांबा, पुन्हा करा. तरीही नाही आलं, तर जमिनीवर जे जमत नाही ते उतरताना जमणार नाही हे नक्की समजा. कानात ठणका आहे, कपाळ किंवा गाल दाबल्यावर दुखतात, ताप आहे, नुकतीच कानाची शस्त्रक्रिया झाली आहे, यांपैकी काहीही असेल तर प्रवास पुढे ढकला. सायनस बंद असताना उतरणं कानाइतकंच वाईट. भुवईच्या वर खिळा ठोकल्यासारखी कळ येते, कधी नाकातून रक्त येतं, कधी वरचे दात दुखतात आणि माणूस दंतवैद्याकडे जाऊन पोचतो. वैमानिक आणि केबिन क्रू सर्दीत कान सुटत नसेल तर ड्यूटीवर जात नाहीत. रोज उडणारे लोक जर थांबतात, तर लग्नाच्या आदल्या दिवशी निघणाऱ्याने दोन दिवसांची मोकळीक ठेवून तिकीट काढलेलं बरं.

प्रवास ढकलण्याचं दुसरं कारण शेजारी बसणारा माणूस आहे. साध्या सर्दीचा विषाणू पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वात जास्त पसरतो. फ्लू लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पसरतो आणि पुढचे तीन-चार दिवस जोरात असतो. ताप असेल तर औषध न घेता चोवीस तास ताप उतरलेला असल्याशिवाय विमानात बसू नये. पॅरासिटामॉल घेऊन थर्मामीटर खाली आणला तर ते ताप उतरणं नव्हे. शेजारी केमोथेरपी घेणारं कोणी असेल, तान्हं बाळ असेल, दम्याच्या आजीबाई असतील, आपल्याला कळायचंही नाही.

विमानातली हवा सगळीकडे फिरून सगळ्यांना लागते अशी समजूत आहे. प्रत्यक्षात हवा डोक्यावरून येते आणि त्याच ओळीजवळ पायाशी ओढली जाते, विमानाच्या लांबीने फारशी वाहत नाही. साधारण निम्मी हवा बाहेरून ताजी घेतात, उरलेली हेपा फिल्टरमधून गाळून परत सोडतात, आणि तासाला वीस-तीस वेळा केबिनची हवा बदलते. त्यामुळे धोका तुमच्या आसपासच असतो. एमोरी विद्यापीठ आणि जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या लांबच्या विमानांत बसून प्रवाशांच्या हालचाली टिपल्या. २०१८ मध्ये छापलेल्या त्यांच्या हिशेबात आजारी माणसाच्या पुढची-मागची एक ओळ आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खुर्च्या यांनाच लागण होण्याची शक्यता मोठी निघाली. अर्थात हा थेंबांतून पसरणाऱ्या आजाराचा हिशेब आहे. मार्च २००३ मध्ये हाँगकाँगहून बीजिंगला गेलेल्या विमानात एका सार्सच्या रुग्णापासून २२ जणांना लागण झाली. त्याच्या पुढच्या तीन ओळींतल्या २३ पैकी आठ जण त्यात होते, पण काहीजण बरेच लांब बसलेले होते.

आणि हा सगळा हिशेब हवा चालू असेपर्यंतचा. मार्च १९७७ मध्ये अलास्कातल्या होमर इथे एक विमान इंजिन बिघडून तीन तास जमिनीवर अडकलं. हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती. आत खोकणारी एक फ्लूची रुग्ण होती. बहात्तर तासांत ७२ टक्के प्रवासी आजारी पडले. म्हणजे विमान हवेत असताना जेवढी काळजी घ्याल त्याहून जास्त ती गेटवर उभ्या विमानात, एसी बंद असताना, विमानतळाच्या खच्चून भरलेल्या बसमध्ये आणि बॅगांच्या पट्ट्याशी घ्यायला हवी. लोक नेमका तिथेच मास्क खाली घेतात.

तर मास्क घरापासून घरापर्यंत. सर्जिकल चालेल, एन-९५ असेल तर झडप नसलेला, कारण झडपेतून तुमचा उच्छ्वास न गाळता बाहेर पडतो. ओला झाला की बदला, म्हणून तीन-चार जवळ ठेवा. पाण्याचे घोट घेताना तो क्षणभरच खाली करायचा, आणि शेजारी जेवत असेल तेव्हा नाही. केबिनची हवा इतकी कोरडी असते की नाक वाहतं आणि सुकतंही, म्हणून पाणी पीत राहा. डोक्यावरचं हवेचं नोजल चालू ठेवा. जागा निवडायची संधी असेल तर खिडकीची घ्या, तिथे कमी लोक जवळून जातात आणि तुम्हीही कमी उठता.

हात ही सर्दीची मोठी वाट आहे. नाक शिंकरलेला टिश्यू समोरच्या जाळीत खोचू नका, सफाई करणाऱ्याच्या उघड्या हाताला तो लागतो. खुर्चीच्या खिशातली उलटीची कागदी पिशवी घ्या, टिश्यू त्यात टाका, तोंड दुमडा आणि उतरताना स्वतः कचऱ्यात टाका. शिंकरल्यावर दर वेळी सॅनिटायझर लावा, मग ट्रेला किंवा सीटबेल्टच्या बकलाला हात लावा.

आणि बसल्याबसल्या शेजाऱ्याला सांगून टाका: ‘मला सर्दी आहे, ताप नाही, मास्क काढणार नाही. तुम्हाला बदलून बसायचं असेल तर आपण क्रूला विचारू.’ विमान भरलेलं नसेल तर क्रू दारं बंद झाल्यावर मोकळी जागा शोधून देतात, फक्त ते टेकऑफच्या आधी विचारायला हवं. त्याच वेळी क्रूला हेही सांगून ठेवा की कान बंद आहेत, उतरणं सुरू व्हायच्या आधी मला उठवा आणि पाणी द्या.